अनुमानित कर घेतला तरी विक्रीची नोंद हवीच

“विक्रीच्या ठरावीक टक्क्यांइतका नफा धरून आयकर भरण्याचे कलम ४४एडी घेतले की दुकानात एकही वही ठेवावी लागत नाही ना?”

सूट मिळते ती आयकरासाठीच्या रोकडवही, खतावणी आणि खर्चाच्या हिशेबापुरती. विक्रीची नोंद मात्र हवीच, कारण नफा तिच्यावरूनच ठरतो. समजा, वार्षिक विक्री ६० लाख रुपये असून त्यातील ४० लाख बँकेतून किंवा यूपीआयने आले, तर त्यांवर ६ टक्के, म्हणजे २.४० लाख, आणि रोखीच्या २० लाखांवर ८ टक्के, म्हणजे १.६० लाख, असा किमान ४ लाख नफा धरला जातो. ही विभागणी नोंदीशिवाय सिद्ध करता येत नाही. आयटीआर-४ या आयकर विवरणपत्रात वर्षअखेरचा माल, येणी, देणी आणि रोकडही विचारतात. जीएसटी नोंदणी असेल, तर त्या कायद्याच्या खरेदी-विक्री व साठ्याच्या नोंदी या कलमामुळे मुळीच टळत नाहीत.