खड्ड्यातला कचरा ‘बसतो’ आणि ‘घटतो’: सोसायटीच्या खतखड्ड्याचं माप

खतखड्ड्यात सकाळी काठोकाठ भरलेला कचरा दुसऱ्या दिवशी चार बोटं खाली गेलेला दिसतो. आठवड्याभरात तो वीतभर खाली जातो. बघणारा म्हणतो, ‘छान कुजतोय.’ पण पातळी खाली जायला दोन अगदी वेगळी कारणं आहेत. त्यांची गल्लत झाली की खड्डा निम्म्या मापाचा बांधला जातो.

पहिलं कारण म्हणजे कचरा बसतो. वरच्या थराच्या वजनानं खालची पोकळी मिटते, साली मऊ पडून एकमेकींवर चपट्या होतात. वजन जवळपास तेवढंच राहतं, जागा कमी लागते, म्हणजे घनता वाढते. हे बरंचसं पहिल्या एक-दोन दिवसांत होऊन जातं. दुसरं कारण म्हणजे कचरा घटतो. सूक्ष्मजीव तो खातात, त्यातला कार्बन वायू होऊन उडतो, पाण्याची वाफ होते. इथे खरोखर वजन कमी होतं आणि त्याला आठवडे लागतात. बसण्याचा हिशेब घनतेत धरायचा, घटण्याचा वजनात. एकच घट दोन्हीकडे धरली की घोटाळा होतो.

साठ फ्लॅटची एक सोसायटी घेऊ. माणशी इतके ग्रॅम असा ठोकताळा धरण्यापेक्षा सात दिवस सगळा ओला कचरा काट्यावर ठेवावा. सुट्टीच्या दिवशी तो जास्त येतो, पण महिनाभर भरायच्या खड्ड्याला सरासरी पुरते. समजा सरासरी 42 किलो निघाली.

आता 20 लिटरची बादली घ्यायची. तिचं रिकामं वजन टिपून ठेवायचं, मग कचरा न दाबता काठापर्यंत भरायचा आणि पुन्हा वजन करायचं. निव्वळ 9 किलो भरला तर घनता झाली लिटरमागे 0.45 किलो, आणि रोजचा कचरा झाला साधारण 93 लिटर. बादली आपटून भरू नका. आपटली की कचरा तिथेच बसतो, आणि आपल्याला सैल कचऱ्याची घनता हवी आहे. कलिंगडाच्या सालींच्या दिवसाची आणि पालेभाजीच्या देठांच्या दिवसाची बादली फार वेगळी भरते, म्हणून चार-पाच वेगवेगळ्या दिवसांच्या बादल्या मोजलेल्या बऱ्या.

नुसता ओला कचरा खड्ड्यात टाकला तर त्याचा चिखल होतो, म्हणून आकारमानानं तेवढाच चुरलेला सुका पाला मिसळू. 93 लिटर पाला भरतो जेमतेम साडेसात किलो. पण 93 अधिक 93 म्हणजे 186 लिटर होत नाहीत, कारण पाला सालींमधल्या फटींत शिरतो. बादलीभर कचरा आणि बादलीभर पाला मिसळून पुन्हा मोजा. दोन बादल्यांची साधारण 1.6 बादली झाली, असं धरू. म्हणजे रोजचं मिश्रण 150 लिटर आणि वजन 49.5 किलो. सैल मिश्रणाची घनता लिटरमागे 0.33 किलो.

खड्डा महिनाभर भरायचा, असं ठरवू. तीस दिवसांत 1,485 किलो माल पडेल. सैल घनतेनं भागलं तर साडेचार घनमीटर जागा लागेल. पण माल बसणार आहे. बसल्यावर मिश्रणाची घनता लिटरमागे 0.5 किलोच्या आसपास गेली, तर तेच वजन साधारण तीन घनमीटरमध्ये मावतं. ही झाली फक्त बसण्याची घट.

मग घटण्याचं काय? इथे वय मोजावं लागतं. महिनाअखेर पहिल्या दिवशीचा थर तीस दिवसांचा असतो, शेवटचा काही तासांचा. जुन्या थरांचं वजन बरंच उतरलेलं असतं, ताज्यांचं अजिबात नाही. सरासरी वीस टक्के घट धरणं सावध आणि रास्त वाटतं. तर उरले साधारण 1,190 किलो. त्याला 0.5 नं भागा, आले 2.4 घनमीटर. वर हातभर नाही तरी 15 सेंटिमीटर मोकळे ठेवायचे, म्हणजे पाल्याचं पांघरूण घालता येतं आणि कुदळीनं हलवताना माल बाहेर सांडत नाही. एक मीटर खोल, दोन मीटर लांब आणि 1.4 मीटर रुंद खड्डा या हिशेबात बसतो.

आता गफलतीचा हिशेब बघा. ‘खत तयार झालं की चौथा हिस्सा उरतो’ हे कमिटीच्या बैठकीत कुणीतरी सांगतंच, आणि ते खोटंही नाही. आपल्याच उदाहरणात शेवटी पंचावन्न टक्के वजन गेलं, तर 670 किलो उरतात. तयार खताची घनता 0.6 धरली तर ते 1.1 घनमीटर होतं, म्हणजे सैल साडेचार घनमीटरचा चौथा हिस्साच. पण ही स्थिती खड्डा झाकून दोन महिने ठेवल्यानंतरची. खड्ड्याचं माप ठरतं ते भरण्याच्या शेवटच्या दिवशी, कारण सर्वांत जास्त जागा त्याच दिवशी लागते.

दुसरी गफलत जरा लपलेली असते. कुणी आधी पक्क्या खताची 0.6 घनता घेऊन 1,485 किलोचे 2.5 घनमीटर करतो आणि वर ‘कुजून निम्मं होईल’ म्हणून 1.25 घनमीटरचा खड्डा खणतो. 0.6 ही घनता मुळात कुजलेल्या मालाची, ताज्या मालावर ती लावणंच चूक. त्यात महिनाअखेरची खरी घट वीस टक्के असताना निम्मी घट लावली. असा खड्डा पंधरवडा पुरा व्हायच्या आत भरतो. मग सफाईवाले माल पायानं तुडवून जागा करतात, आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते. लिटरमागे 0.65 किलोच्या वर दाबलेल्या मालात हवा खेळायला पोकळी फारशी उरत नाही, आणि हवेविना कचरा कुजण्याऐवजी सडतो. तळाला काळं पाणी साचतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो.

म्हणून पातळी उतरली की ती कशामुळे, हे ओळखता आलं पाहिजे. खड्ड्यात खुणा केलेली काठी उभी ठेवा आणि रोज नवा माल टाकण्याआधी वाचा. एका रात्रीत उतरलेलं ते बसणं. त्यानंतर रोज थोडं थोडं उतरत असेल आणि लांब दांड्याचा थर्मामीटर मध्यभागी 50 ते 60 अंश दाखवत असेल, तर माल खरंच घटतोय. पातळी खाली, पण आत थंड आणि मूठभर माल पिळल्यावर पाण्याची धार लागते, तर तो फक्त बसलाय. अशा वेळी सुका पाला वाढवून माल खालीवर करायचा. पाला वाढला की आकारमान वाढतं आणि जागा अर्थातच जास्त लागते. मीटरपेक्षा खोल खणून ती भरून काढू नये, कारण खोली वाढली की तळाचा थर आपोआप दाबला जातो. जागा हवी तर लांबी वाढवा.

खड्डे किती, हे याच महिन्यावरून निघतं. महिनाभर भरणं आणि दोन महिने झाकून ठेवणं धरलं, तर तीन खड्डे लागतात. पण पहिला रिकामा करायचा दिवस आणि पुन्हा भरायला घ्यायचा दिवस लागोपाठ येतात, म्हणून सलग पाऊस किंवा थंडी असेल तिथे चौथा खड्डा ठेवलेला बरा. तिथे माल गार पडतो, घट वीस टक्क्यांवर पोहोचत नाही आणि मग 2.4 घनमीटरचा आकडाच वर सरकतो. घट अजिबात झाली नाही, असं धरून हिशेब केला तर तो तीन घनमीटरपर्यंत जातो.