वृद्धिसंप्रेरकाचे रात्रीचे इंजेक्शन (घरगुती)

पोष ग्रंथीतून, म्हणजे पिट्युटरीतून, पुरेसे वृद्धिसंप्रेरक स्रवत नसलेल्या मुलाला आई-वडिलांनी घरीच रोज रात्री त्वचेखाली द्यावयाचे इंजेक्शन. टर्नर संलक्षणासारख्या इतर काही कारणांनी उंची खुंटलेल्या मुलांनाही ते देतात. औषधाचे नाव सोमॅट्रोपिन. ते १९१ अमिनो आम्लांची प्रथिन-साखळी असून जनुकीय तंत्राने तयार करतात. आठवड्यातून एकदा द्यावयाचे प्रकारही काही देशांत उपलब्ध झाले आहेत. ही नोंद रोजच्या इंजेक्शनापुरती आहे.

रात्रच का? १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपान व अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की झोप लागल्यावर, गाढ झोपेच्या पहिल्या टप्प्यात, हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते. उपचारात मात्र ही माहिती लगेच उतरली नाही. त्या काळी मृतदेहांच्या पोष ग्रंथींतून काढलेले संप्रेरक आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूत टोचत. अशा औषधातून क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या रोगाची लागण झाल्याचे १९८५ मध्ये उघड झाले. अमेरिकेत त्याचे वाटप थांबले आणि त्याच वर्षी जनुकीय तंत्राने बनवलेल्या औषधाला मान्यता मिळाली. साठा मुबलक झाल्यावर रोज, त्वचेखाली आणि संध्याकाळनंतर टोचण्याची पद्धत हळूहळू रूढ झाली. डेन्मार्कमधील अभ्यासांत संध्याकाळच्या इंजेक्शनानंतर रक्तातील चयापचयाचे चित्र नैसर्गिक चित्राच्या अधिक जवळ दिसले. पण त्वचेखालून औषध सावकाश शोषले जाते, त्याची पातळी काही तासांनी शिखर गाठते आणि शरीरातील नैसर्गिक लाटा त्यातून हुबेहूब उभ्या राहत नाहीत. वेळ बदलल्याने उंचीत मोठा फरक पडतो असे ठामपणे म्हणता येत नाही. रात्रीच्या बाजूने अधिक पटणारे कारण घरगुती आहे: जेवण, दात घासणे, सुई, अंथरूण असा क्रम एकदा बसला की सहसा चुकत नाही.

मात्रा आणि ‘युनिट’चा घोळ. वृद्धिसंप्रेरकाच्या कमतरतेत मात्रा साधारणपणे दर किलो वजनामागे रोज २५ ते ३५ मायक्रोग्रॅम ठेवतात. औषध कुठे मिलिग्रॅममध्ये मोजले जाते, कुठे आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये. सध्या १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट. आधीच्या मानकांत हे गुणोत्तर कमी होते, साधारण दोन ते अडीच. त्यामुळे जुन्या ग्रंथांतील ‘युनिट’ आजच्या युनिटशी जुळवून पाहू नये.

याहून मोठा धोका घरात असतो, आणि तो कुपीतले औषध टोचायला वापरतात त्या इन्शुलिनच्या सिरिंजमुळे येतो. समजा मूल २० किलोचे आहे आणि डॉक्टरांनी ०.६ मिलिग्रॅम, म्हणजे १.८ युनिट, लिहून दिले आहे. १५ युनिटांच्या कुपीत दीड मिलिलिटर द्रावक घातले की १ मिलिलिटरमध्ये १० युनिट येतात. म्हणजे टोचायचे आहे ०.१८ मिलिलिटर. शंभरच्या सिरिंजवर, म्हणजे जिच्यात १ मिलिलिटरला १०० युनिटांच्या रेघा असतात आणि जिचे टोपण सहसा केशरी असते, हे १८ रेघांवर येते. भारतात सर्रास मिळणाऱ्या लाल टोपणाच्या चाळीसच्या सिरिंजवर तेच सातव्या रेघेच्या किंचित पुढे येते. औषधविक्रेत्याने एके दिवशी केशरीऐवजी लाल दिली आणि आईने सवयीने १८ रेघा भरल्या, तर मुलाला ४.५ युनिट, म्हणजे अडीचपट औषध जाते. उलट कोणी चिठ्ठीवरचा ‘१.८ युनिट’ हा आकडा केशरी सिरिंजच्या रेघांवर शोधला, तर मात्रेचा फक्त दहावा भाग जातो. सिरिंजवरचे युनिट इन्शुलिनचे आहे, या औषधाचे नव्हे. म्हणून डॉक्टरांकडून मात्रा मिलिलिटरमध्ये आणि सिरिंजच्या रंगासकट लिहून घ्यावी. मात्रा फिरवून लावण्याच्या पेनात हा घोळ होत नाही. परवडत असेल तर पेनच बरे.

साठवण. औषध २ ते ८ अंश सेल्सिअसला, उजेडापासून दूर ठेवावे. फ्रिजच्या दारात तापमान सतत वरखाली होते, आणि बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवलेली कुपी गोठते. मधल्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात ठेवणे उत्तम. एकदा गोठलेले औषध वितळून पूर्ववत दिसले तरी टाकून द्यावे. द्रावक कुपीच्या काचेवरून हळू सोडावे आणि कुपी तळव्यांत अलगद फिरवावी. खळखळून हलवल्यास प्रथिनाच्या गुठळ्या होतात. द्रावण गढूळ दिसले किंवा कण तरंगताना दिसले तर वापरू नये. विरघळवल्यावर बरीच औषधे २८ दिवस टिकतात, काही त्याहून कमी. खोक्यातील पत्रक हाच आधार. ग्रामीण भागात इन्शुलिनसाठी वापरला जाणारा मातीचा माठ उन्हाळ्यात गारवा देतो, पण २ ते ८ अंश गाठत नाही. वीज बराच वेळ जाणार असेल तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून ठेवावी. कुपी बर्फाला टेकू देऊ नये.

जागा बदलणे. मांड्यांची बाहेरची बाजू, पोट, नितंबांचा वरचा बाहेरचा भाग आणि दंडाची मागची बाजू या जागा वापरतात. इन्शुलिन एकाच जागी टोचत राहिल्यास तिथे चरबीची गाठ वाढते. वृद्धिसंप्रेरक मात्र चरबी विरघळवते, म्हणून तिथे खळगा पडतो. तो डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतो: कातडी चिमटीत धरली की खालचा मऊ थर पातळ लागतो. आज डावी मांडी, उद्या उजवी, आणि एकाच मांडीवर परत येताना आधीच्या जागेपासून दोन बोटे दूर. औषध फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवले तर चुणचुण कमी होते. सुई रोज नवी. पेनाचा खटका दाबल्यावर सुई लगेच न काढता सावकाश दहापर्यंत मोजावे, नाहीतर टोकावर थेंब राहतो आणि तेवढे औषध वाया जाते. आकडे मुलालाच मोजायला सांगितले तर ते हलतही नाही.

मात्रेची वही. तारीख, मात्रा, जागा, आणि कुपी फोडल्याचा दिवस. एवढे पुरते. चुकलेली रात्र ‘चुकली’ अशी स्पष्ट लिहावी आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट टोचू नये. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूझीलंडच्या पाहणीत मागवलेल्या व रिकाम्या परत आलेल्या कुप्यांचा हिशेब केला, तेव्हा दोन-तृतीयांश मुलांचे आठवड्याला एकाहून अधिक डोस चुकत असल्याचे आढळले. अशा मुलांची वाढही मंद होती.

हाच हिशेब घरी करता येतो. वरच्या उदाहरणात १५ युनिटांची कुपी आठ रात्री पुरायला हवी आणि तळाशी थोडे औषध उरायला हवे. तीन रात्रींतच ती संपली तर सिरिंज चुकली आहे. दहा रात्री पुरली तर दोन रात्री तरी सुई टोचलेली नाही, वहीत खुणा काहीही असोत. महिना झाला तरी संपत नसेल तर दहाव्या भागाची चूक चालू आहे. डॉक्टर साधारण तीन ते सहा महिन्यांनी उंची-वजन आणि अधूनमधून रक्तातील आयजीएफ-१, म्हणजे वृद्धिसंप्रेरकाच्या प्रभावाने शरीरात बनणारे प्रथिन, तपासतात. वही नसेल तर मंद वाढ पाहून मात्रा वाढवली जाते, आणि खरे कारण चुकलेल्या रात्री असतात. डोकेदुखीसह उलट्या, दिसण्यात बदल, किंवा मूल लंगडू लागणे व गुडघा वा खुबा दुखणे हेही वहीत लिहावे. पण अशा वेळी पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.