खाणीतला नियम नदीकाठी आला तेव्हा

पंचगंगेच्या काठाने गेलं की दर थोड्या अंतरावर नदीचं पाणी उपसायची विहीर, म्हणजे जॅकवेल, दिसते. नदी खाली, रान वर. राधानगरी धरणातून सोडलेलं पाणी भोगावतीतून येतं, बंधाऱ्यांना अडतं आणि तिथून मोटरीवर चढून उसात जातं. गेल्या काही वर्षांत या मोटरींच्या स्टार्टरशेजारी व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, बसू लागला आहे. तो बसवताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "वेग वीस टक्के कमी केला की वीज निम्मी लागते." हे वाक्य ज्या नियमावर उभं आहे तो खरा आहे. पण नदीकाठी ते बहुतेक वेळा फसतं. का फसतं, हे त्या नियमाचा जन्म कुठे झाला ते पाहिल्यावर नीट कळतं.

नियम असा आहे. पंप किंवा ब्लोअर तोच, फक्त वेग N बदलला, तर प्रवाह Q, हेड H म्हणजे पाणी जितकं उंच चढू शकतं ती उंची, आणि पॉवर P अशा बदलतात:

```
Q2/Q1 = N2/N1
H2/H1 = (N2/N1)^2
P2/P1 = (N2/N1)^3
```

पंपवाले याला अ‍ॅफिनिटी लॉज म्हणतात, ब्लोअरवाले फॅन लॉज. गोष्ट एकच. इंपेलरची कड ज्या वेगाने फिरते, त्या प्रमाणात पाणी बाहेर फेकलं जातं, म्हणून प्रवाह वेगाच्या पटीत. फेकलेल्या पाण्याची उंच चढण्याची ताकद वेगाच्या वर्गावर असते, जसा दुप्पट जोराने वर फेकलेला दगड चौपट उंच जातो. प्रवाह आणि हेड यांचा गुणाकार म्हणजे पॉवर, म्हणून तिथे घन येतो. या सगळ्याचा पाया गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकाच्या मध्याला घातला. फिरत्या चाकातून जाणाऱ्या पाण्याला किती ऊर्जा मिळते याचं त्याने मांडलेलं समीकरण आजही पंपाच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात असतं.

पण समीकरण मांडणं वेगळं आणि कामगाराने त्यावर विसंबून यंत्र चालवणं वेगळं. ते घडलं एकोणिसाव्या शतकात, युरोपातल्या कोळशाच्या खाणींत. खोल खाणीत हवा खेळती ठेवायला मोठमोठे सेंट्रिफ्यूगल पंखे बसले आणि ते वाफेच्या इंजिनावर चालत. वाफ कमी-जास्त केली की वेग बदलायचा. त्यामुळे "अमुक फेऱ्यांना किती हवा" हा तिथे रोजचा प्रश्न होता. इंग्लंडमध्ये जॉन अ‍ॅटकिन्सनने १८५४ साली मांडलं की खाणीच्या बोगद्यांतून हवा ढकलायला लागणारा दाब हवेच्या प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. फ्रान्समध्ये डॅनियल म्युर्गने तर अख्ख्या खाणीची तुलना पातळ पत्र्यातल्या एका भोकाशी केली. मैलभर बोगदे असोत, पंख्याच्या दृष्टीने ती खाण म्हणजे ठरावीक मापाचं एक छिद्र. मला ही कल्पना फार देखणी वाटते. पुढे १८९०च्या दशकात ऑग्युस्त रातोने पंखे आणि पंप यांना एकाच साम्याच्या हिशेबात बसवलं.

इथे एक योग जुळून आला होता, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. खाण हे नुसतं छिद्र. हवेला कुठला डोंगर चढायचा नसतो, फक्त घर्षण असतं, आणि ते प्रवाहाच्या वर्गाने वाढतं. पंख्याचा दाबही वेगाच्या वर्गाने वाढतो. दोन्ही बाजू एकाच चालीने चालतात. म्हणून खाणीत वेग २० टक्के कमी केला की हवा बरोबर २० टक्के कमी आणि पॉवर ०.८ चा घन, म्हणजे साधारण ५१ टक्के. तीनही नियम तसेच्या तसे खरे. नियम पंख्याबद्दल आहे हे त्यामुळे विसरून जायला होतं. असं वाटू लागतं की तो अख्ख्या व्यवस्थेबद्दल आहे.

कोल्हापुरात हा नियम पुस्तकातून नव्हे, पट्ट्यावरून आला. १९२६ साली शेजारच्या किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊ लागले. पुढे ऑइल इंजिनं आली आणि इंजिन ते पंप असा चामड्याचा किंवा कॅनव्हासचा पट्टा चालू लागला. पट्टा म्हटला की पुली आली, आणि पुली बदलली की वेग बदलला. उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्र्यांना घनाचं सूत्र माहीत असो-नसो, इंजिनावरची पुली अर्धा इंच मोठी केली की इंजिन धूर सोडतं हे पक्कं माहीत होतं.

फौंड्रीतही तेच. शिकाऊ असताना मी एका फौंड्रीत होतो. कुपोलाला, म्हणजे बीड वितळवायच्या भट्टीला, हवा कमी पडते म्हणून ब्लोअरच्या मोटरवरची ६ इंची पुली काढून ७ इंची घातली. ब्लोअर १५ एचपीच्या मोटरवर होता आणि तेव्हा साधारण ११ एचपी घेत होता. हवा सहावा भाग वाढेल, मोटरला अजून जागा आहे, असा सरळ हिशेब मी केला. वेग १.१६७ पट झाला, त्याचा घन १.५९. म्हणजे ११ चे साडेसतरा एचपी. भट्टी पेटवून दहा मिनिटं झाली नाहीत तोच ओव्हरलोड रिले पडला. रिसेट केला, पुन्हा पडला. ॲम्पिअरमीटरचा काटा लाल रेघेच्या पलीकडे होता. संध्याकाळी जुनी पुली परत चढवली. कुपोलात कोक आणि धातूच्या थरातून हवा ढकलायची असते, चढ नसतो, त्यामुळे इथे खाणीचाच नियम चालला, अगदी आकड्यासकट.

नंतर शेतीला वीज आली आणि पट्टे गेले. चार पोलची इंडक्शन मोटर पंपाला थेट जोडली, ती ५० हर्ट्झवर भार घेऊन १४५० फेऱ्यांच्या आसपास फिरते आणि ते बदलता येत नाही. दोन-तीन पिढ्या वेग हा विषयच संपला. तरी नियम गुपचूप काम करत होताच. १९९०च्या दशकात ग्रीडची फ्रीक्वेन्सी वारंवार ४९ च्या खाली जायची. "मोटर चालू आहे पण पाणी पातळ येतंय" ही तेव्हाची ओळखीची तक्रार. लोक व्होल्टेजला दोष द्यायचे, आणि तोही असायचा. पण फ्रीक्वेन्सी ३ टक्के उतरली तर पाणी ३ टक्क्यांपेक्षा बरंच जास्त उतरतं. कसं, ते खालच्या हिशेबात येईल.

आता व्हीएफडीने वेग पुन्हा हातात दिला आहे. म्हणून एक उपसा योजना घेऊ. आकडे सोयीसाठी गोल केलेत, पण जात खरी आहे. नदीच्या पाण्यापासून वरच्या हौदापर्यंत सरळ चढ ३० मीटर. पाइपातलं घर्षण, पूर्ण प्रवाह असताना, १० मीटर. पंप १४५० फेऱ्यांना ४० मीटर हेडवर ताशी १ लाख लिटर देतो, आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तर ५० मीटरपर्यंत दाब चढवतो. कार्यक्षमता ७० टक्के धरली तर शाफ्टवर साधारण १५.६ किलोवॅट, म्हणजे लाख लिटरला १५.६ युनिट. मोटरचा आपला तोटा वेगळा.

वेग ८० टक्के करू. नियम म्हणतो: ८० हजार लिटर, २५.६ मीटर. पण वर चढायलाच ३० मीटर हवेत! म्हणजे तो बिंदू या पाइपलाइनवर अस्तित्वातच नाही. नियम खोटा नाही. तो पंपाची अख्खी रेषा खाली सरकवतो, एवढंच त्याचं काम. पंप त्या नव्या रेषेवर कुठे उभा राहील हे पाइपलाइन ठरवते. बंद व्हॉल्व्हचा दाब ५० वरून ३२ मीटरवर आला. त्यातले ३० चढाने खाल्ले, उरले २. तेवढ्यात पंपाची रेषा आणि घर्षण यांची गाठ पडते ती ताशी ३१,६०० लिटरला. निम्मंही पाणी नाही.

आणि विजेचं? पूर्ण वेगात जो बिंदू ताशी ३९,५०० लिटरचा असता, त्या जागी पंप आता चालतो आहे. कुठलाही पंप तिथे चांगली कार्यक्षमता देत नाही. ४५ टक्के धरली तर ५.९ किलोवॅट. मीटर पाहून माणूस खूश होतो, पॉवर चाळीस टक्क्यांच्याही खाली आली. पण लाख लिटरला युनिट झाले जवळजवळ १९. वीज वाचली नाही, पाणी महाग झालं.

९० टक्क्यांवर चित्र वेगळं आहे. तिथे ताशी ७२,५०० लिटर येतात आणि लाख लिटरला साधारण १४.३ युनिट लागतात. घर्षणातली बचत मिळते आणि कार्यक्षमता फारशी पडत नाही. थोडा वेग कमी केला तर फायदा, अजून केला तर तोटा. आणि ती ३ टक्के फ्रीक्वेन्सी याच योजनेवर लावली तर ताशी ९२ हजार लिटर येतात, म्हणजे पाणी सुमारे ८ टक्क्यांनी कमी. घर्षणाच्या मानाने चढ जितका जास्त, तितकी ही घट जास्त.

वेग आणखी खाली नेला, तर एका ठिकाणी पाणी अजिबात थांबतं. ही जागा काढणं सोपं आहे: चढ भागिले बंद व्हॉल्व्हचा दाब, त्याचं वर्गमूळ. ३० भागिले ५० म्हणजे ०.६, वर्गमूळ ०.७७५. ५० हर्ट्झच्या हिशेबात ३८.७ हर्ट्झ, सुमारे ११२० फेऱ्या. याच्या खाली मोटर फिरते, आवाज येतो, ॲम्पिअर कमी दिसतात, पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह, म्हणजे एनआरव्ही, मिटलेला असतो आणि पंपातलं तेच पाणी घुसळून तापत राहतं. बॉडीला हात लावला की कळतं. असंच चालू राहिलं तर आधी सील जातं.

मुळात चढ किती आहे हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. पंप बंद करा, एनआरव्ही घट्ट धरत असेल आणि पाइप वरपर्यंत भरलेला असेल, तर त्याच्या पुढच्या प्रेशर गेजवर पाण्याचा उभा स्तंभ तसाच दिसतो. एक किलोला १० मीटर. गेज २.६ दाखवत असेल आणि गेजपासून नदीचं पाणी ४ मीटर खाली असेल, तर चढ ३० मीटर. मग पंप चालू करून व्हॉल्व्ह मिनिटभरच बंद ठेवा, तेच गेज वाचा, त्यात ते ४ मीटर मिळवा, बंद व्हॉल्व्हच्या दाबाचा आकडा आला. सक्शनचं घर्षण यात धरलेलं नाही, पण व्हॉल्व्ह बंद असताना ते जवळपास नसतंच. उन्हाळ्यात नदी उतरली की चढ वाढतो, म्हणून ही मोजणी पाणी सर्वांत खाली असताना करावी. या योजनेत मी ड्राइव्हची किमान फ्रीक्वेन्सी ४२ हर्ट्झला बांधून ठेवेन. तिथे ताशी ५१ हजार लिटर तरी वर पोचतात.