गुलाबी न झालेला खांब: तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट

पार्किंगमधल्या एका खांबाचा गिलावा फोडून इंजिनिअर आतल्या काँक्रीटचा कोपरा छिन्नीने उडवतो, धूळ झटकतो आणि ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचं रंगहीन द्रावण फवारतो. काही क्षणांत खांबाचा आतला भाग गडद गुलाबी होतो. बाहेरच्या बाजूचा एक पट्टा मात्र राखाडीच राहतो. त्या पट्ट्याची जाडी मोजून नोंदली जाते. ऑडिटच्या जाडजूड अहवालात सभासदांनी एकच आकडा नीट समजून घ्यायचा असेल, तर माझ्या मते तो हा.

काँक्रीटमधल्या सिमेंटमुळे आत चुना असतो आणि त्यामुळे काँक्रीट तीव्र अल्कलीधर्मी राहतं. अशा अल्कलीत लोखंडी सळीवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो, म्हणून सळी गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपतो आणि चुन्याशी संयोग पावतो. त्याला कार्बोनेशन म्हणतात. काँक्रीट त्याने कमकुवत होत नाही, फक्त त्याचा अल्कलीपणा जातो. जिथे तो गेला, तिथे द्रावण गुलाबी होत नाही. ही सीमा सळीपर्यंत पोहोचली की सळीचं संरक्षण संपतं.

समजा, ठाण्यातली १९९५ साली बांधलेली एक चार मजली सोसायटी आहे. खांबात राखाडी पट्टा २७ मिलिमीटर भरला. कार्बोनेशनची खोली साधारणपणे वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. तीसचं वर्गमूळ साडेपाचच्या आसपास, म्हणजे इथला वेग दर वर्गमूळ-वर्षाला जवळपास ५ मिलिमीटर. खांबातल्या सळीवर ४० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण हवं. साइटवर त्याला कव्हरच म्हणतात. कव्हर मीटर फिरवल्यावर या खांबात ते २५ मिलिमीटरच निघालं. म्हणजे सीमा चार-पाच वर्षांपूर्वीच सळीला भिडली आहे. शेजारच्या खांबात पुरते ४० मिलिमीटर सापडले, तर तिथे हाच हिशेब साठ वर्षांच्याही पुढे जातो. एकाच वर्षी, एकाच सिमेंटने भरलेले दोन खांब, आणि फरक फक्त सळी बांधताना ठेवलेल्या अंतराचा.

आता स्लॅबचं कोडं. त्या काळी स्लॅबला जेमतेम १५ मिलिमीटर कव्हर असे. वरच्या हिशेबाने तिथलं संरक्षण पहिल्या दहा वर्षांतच गेलं. तरी हॉलचा स्लॅब ठणठणीत असतो आणि संडास-बाथरूमखालच्या स्लॅबचे मात्र पोपडे पडतात. कारण संरक्षण गेलं तरी गंज चढायला पाणी लागतंच. कोरडी सळी संरक्षणाविनाही वर्षानुवर्षं टिकते. नहाणीतली गळती, फुटलेला सांडपाण्याचा पाइप, गच्चीचा उखडलेला कोबा, भिंतीतल्या भेगांतून येणारा पाऊस, यांतलं काही सळीपर्यंत पोहोचलं की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून ढकलतो. म्हणून सळीच्या रेषेत, खांबाच्या लांबीला समांतर जाणारी भेग दिसली तर तिला गिलाव्याची भेग समजू नये.

सळी प्रत्यक्ष गंजतेय का, याचा अंदाज सळीचा विद्युत दाब मोजणाऱ्या हाफ सेल चाचणीने घेतात. त्यात उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही खालचं वाचन आलं, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त मानतात. किती लोखंड गेलं, हे मात्र ती चाचणी सांगत नाही. त्यासाठी सळी उघडी करून, घासून व्हर्नियरने मोजावी लागते. १६ मिलिमीटरची सळी १४ ची झाली असेल, तर दोनच मिलिमीटर गेले असं वाटतं. पण छेदाचं क्षेत्रफळ जवळपास चौथ्या हिश्शाने घटलेलं असतं.

सोसायट्यांची सर्वांत जास्त फसगत रिबाउंड हॅमरने होते. ही चाचणी स्वस्त आणि झटपट, म्हणून अहवालात तिचे आकडे पानोपानी असतात. पण हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो आणि कार्बोनेशनने पृष्ठभाग आणखी कठीण होतो. जुनी इमारत त्यामुळे हॅमरवर तरुण दिसते! आमच्या उदाहरणातल्या खांबाला हॅमरने उत्तम शेरा दिला आणि अल्ट्रासोनिक चाचणीत ध्वनिलहरी सेकंदाला ३ किलोमीटरपेक्षाही कमी वेगाने गेल्या, तर ते काँक्रीट शंकास्पद आहे. अशा ठिकाणी कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांड्यासारखा गोल तुकडा, काढून प्रयोगशाळेत दाबून पाहावा. फक्त हॅमरच्या भरवशावर तयार झालेला अहवाल स्वीकारू नका.

गुलाबी रंगालाही एक मर्यादा आहे. बांधकामात खाडीची न धुतलेली रेती वापरली असेल, तर तिच्यातलं क्लोराइड अल्कली शाबूत असतानाही सळी गंजवतं. मुंबई, ठाणे, उल्हासनगर पट्ट्यातल्या इमारतीत क्लोराइडची चाचणी मागून घ्यावी. क्लोराइड जास्त असेल, तर फक्त गंजलेला तुकडा बदलून भागत नाही. त्या ठिगळाच्या कडेला पुन्हा गंज धरतो.

राज्याच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं. मुंबईत अहवाल इमारतीला वर्गात बसवतो: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ काम. वर्ग कळला की कमिटीने आधी शोधायचं ते ‘तातडीने टेकू द्या’ असं लिहिलेलं ठिकाण. त्यासाठी सर्वसाधारण सभेची वाट पाहू नये. टेकू त्याच आठवड्यात लागला पाहिजे.

मग सभा बोलवा, आणि सभेत अहवालाचा सारांश न वाचता इंजिनिअरला बोलवून नकाशावर खांब-बीम दाखवायला सांगा. ऑडिट करणारा आणि दुरुस्तीचा ठेकेदार एकच नसावा. ‘ऑडिट फुकट करून देतो’ म्हणणाऱ्याला अहवालात काम जास्त दाखवण्यातच फायदा असतो. कामाचा क्रमही ठरवून घ्या: आधी गळती, मग काँक्रीट, शेवटी रंग. बहुतेक सोसायट्या रंगापासून सुरुवात करतात, कारण तो दिसतो. आणि दोन पावसाळ्यांत त्याच जागी पुन्हा पोपडा येतो.

खांबाची दुरुस्ती नीट होतेय का, हे सभासदालाही पाहता येतं. वरच्या बीमला टेकू दिलेला असावा. सळीच्या फक्त समोरचं नव्हे, मागचंही काँक्रीट काढून सळी चहूबाजूंनी मोकळी केलेली असावी. गंज घासून चकचकीत केल्यावरच गंजरोधक लेप लागावा. झिजलेल्या सळीला जोड दिल्यावर पॉलिमर मॉर्टर थराथराने, किंवा खोल काम असेल तर साचा लावून मायक्रोकाँक्रीट भरावं. सळीचा मागचा भाग तसाच ठेवून पुढून लिंपलेलं काम वर्षभरात सुटतं.

गिलावा फोडल्यावर काम अंदाजापेक्षा वाढतं, हे निविदेच्या वेळीच गृहीत धरा. म्हणून ठोक रकमेचा करार टाळून बाबनिहाय दर ठरवा आणि प्रत्यक्ष मोजमापावर बिल द्या. प्रत्येक खांब बंद करण्याआधी त्याचा क्रमांकासह फोटो आणि सळीचं माप नोंदवहीत हवं. तीन वर्षांनी पुढचा इंजिनिअर येईल, तेव्हा त्याला त्याच खांबाच्या दुरुस्ती न केलेल्या भागातला राखाडी पट्टा मोजून आजच्या २७ मिलिमीटरशी ताडून पाहता येईल.