बहुसंस्था कूर्नो स्पर्धा
एकाच प्रकारचा माल विकणाऱ्या अनेक उद्योगसंस्था किंमत न ठरवता फक्त 'आपण किती माल बाजारात आणायचा' एवढेच ठरवतात, आणि किंमत एकूण आवक पाहून बाजार ठरवतो, अशा स्पर्धेचे हे प्रतिमान आहे. फ्रेंच गणितज्ञ आंत्वान ओग्युस्तीन कूर्नो याने ते 1838 मध्ये आपल्या ग्रंथात मांडले. खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांचे मालक हे त्याचे गाजलेले उदाहरण. पण विक्रेत्यांची संख्या वाढत गेली की काय होते, हेही त्याने त्याच ग्रंथात तपासले होते. एका टोकाला मक्तेदारी, दुसऱ्या टोकाला पूर्ण स्पर्धा आणि मधला सगळा पल्ला एकाच सूत्रात, हे या प्रतिमानाचे वैशिष्ट्य होय.

मागणी P = 120 − Q अशी धरू; Q म्हणजे सर्वांचे मिळून उत्पादन. प्रत्येक संस्थेला एक नग बनवायला 20 खर्च येतो आणि स्थिर खर्च तूर्त शून्य आहे. बाजारात चार संस्था आहेत आणि बाकीच्या तिघी प्रत्येकी 20 नग आणणार आहेत, असे चौथी गृहीत धरते. तिच्या वाट्याला 60 − q एवढी किंमत उरते. तिने 10 नग आणले तर किंमत 50 राहते आणि नफा 300 होतो. 30 आणले तर किंमत 30 वर येते आणि नफा पुन्हा 300च. मधल्या 20 नगांवर किंमत 40 आणि नफा 400. म्हणजे तिलाही 20 नगच परवडतात. चौघींचेही गणित असेच असल्याने कोणालाच आपला आकडा बदलावासा वाटत नाही, आणि हाच समतोल.

एक नग जास्त विकल्याने किंमत थोडी उतरते, पण त्या उतरणीचा फटका संस्था फक्त स्वतःच्या नगांपुरता मोजते. इतरांचे नुकसान तिच्या हिशेबात येत नाही. म्हणून समतोलात किंमत आणि सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक नग बनवायचा खर्च, यांतील फरक, म्हणजेच मार्कअप, मागणीरेषेचा उतार गुणिले संस्थेचे स्वतःचे उत्पादन एवढा असतो. आपल्या उदाहरणात उतार 1 असल्याने मार्कअप आणि प्रत्येकीचे उत्पादन हा एकच आकडा आहे: 20. संस्था वाढतात तसा प्रत्येकीचा वाटा लहान होतो, किंमत पडल्याची तिला बसणारी झळ कमी होते आणि हात आखडता घेण्याचे कारणच उरत नाही.

संस्थांची संख्या n असेल तर मार्कअप 100/(n + 1) येतो. एकच संस्था असताना किंमत 70, चार असताना 40, नऊ असताना 30, एकोणीस असताना 25 आणि नव्व्याण्णव असताना 21. स्पर्धात्मक किंमत 20. तिच्या जवळ जाता येते, पण संस्थांची संख्या मर्यादित असेपर्यंत तिथे पोहोचता येत नाही. समाजाचे नुकसान मात्र याहून झपाट्याने आटते, कारण ते मार्कअपच्या वर्गाच्या प्रमाणात असते. स्पर्धात्मक बाजारातून मिळाला असता त्या एकूण लाभापैकी मक्तेदारीत 25 टक्के वाया जातो, चार संस्थांत 4 टक्के, नऊ संस्थांत जेमतेम 1 टक्का.

इथे एक गफलत नेहमी होते. किमतीच्या प्रमाणात मार्कअप काढला तर तो 1/(n × ε) एवढा येतो. ε म्हणजे मागणीची लवचीकता, किंमत एक टक्का वाढली की मागणी किती टक्के घटते तो आकडा. यावरून चार संस्था झाल्या की हे प्रमाण चौथाईवर येईल असे वाटते. वरच्या उदाहरणात मात्र ते 71 टक्क्यांवरून फक्त 50 टक्क्यांवर येते. कारण सरळ रेषेच्या मागणीत किंमत उतरली की लवचीकताही घटते: 1.4 वरून 0.5 वर. लवचीकता सर्वत्र 2 असती, तर हेच प्रमाण 50 वरून खरोखरच साडेबारा टक्क्यांवर आले असते. तेव्हा नुसती संस्थांची संख्या मोजून मार्कअपचा अंदाज बांधणे धोक्याचे. मागणीचा आकार आधी पाहावा लागतो.

संस्थांची संख्या आपोआप वाढत नाही, ही दुसरी अडचण. बाजारात उतरायलाच 400 स्थिर खर्च येत असेल, तर चार संस्थांवर प्रत्येकीचा नफा नेमका शून्य होतो. पाचवी आली तर प्रत्येकीला नग बनवायचा खर्च वजा जाता सुमारे 278च मिळतील, त्यातून 400 चा स्थिर खर्च भरून निघत नाही, म्हणून ती येणारच नाही आणि किंमत 40 वरच अडून राहील. ग्राहकांची संख्या चौपट झाली तर नऊ संस्था तग धरतात आणि किंमत 30 होते. बाजार चौपट, तेव्हा कुठे मार्कअप निम्मा. स्थिर खर्चाच्या मानाने बाजार मोठा होत गेला तरच स्पर्धात्मक किंमत जवळ येते, आणि तेही वर्गमुळाच्या संथ गतीने.