पन्नास-तीस-वीस विभागणी

करकपातीनंतर हाती येणाऱ्या मासिक मिळकतीचे ५० टक्के गरजांना, ३० टक्के हौसेला व २० टक्के बचतीला आणि ज्यादा कर्जफेडीला लावण्याची घरगुती अंदाजपत्रकाची पद्धत.

उगम : आजचे प्रमाण एलिझाबेथ वॉरन व त्यांची कन्या अमेलिया वॉरन त्यागी यांच्या २००५ च्या ‘ऑल युवर वर्थ’ या पुस्तकामुळे रूढ झाले. वॉरन तेव्हा हार्वर्डमध्ये दिवाळखोरीचा कायदा शिकवीत. घरे बुडतात ती मुख्यतः घर, गाडी, विमा अशा बांधील खर्चांनी, हे त्यांचे आधीचे प्रतिपादन येथे पायाशी आहे. काहीजण मूळ मागे नेऊन दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील सिगालोवाद सुत्ताकडे बोट दाखवतात. त्यात संपत्तीचा एक भाग उपभोगाला, दोन व्यवसायाला आणि चौथा आपत्तीसाठी ठेवावा, असे सांगितले आहे. साम्य लक्षणीय असले, तरी तेथील निम्मा वाटा धंद्यात पुन्हा गुंतवायचा आहे. पगारदाराला तसा वाटा नसतो. त्यामुळे थेट परंपरा मानण्यापेक्षा दोन स्वतंत्र विचार मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

मोजणी : नोकरी गेली तरी जो खर्च टळणार नाही, तो गरजेत धरतात, कर्जाचा ठरलेला हप्ताही त्यातच येतो. भविष्य निर्वाह निधीची कपात मात्र मिळकतीत परत मिळवून बचतीत दाखवावी लागते. बँकेत ३७,६०० रुपये जमा होत असतील आणि निधीत २,४०० जात असतील, तर मिळकत ४०,००० धरावी. वाटे अनुक्रमे २०,०००, १२,००० व ८,००० होतात. बचतीतले २,४०० आधीच कापले गेल्याने बाजूला काढायचे राहतात ५,६००. ही बेरीज चुकली की बचत आहे त्याहून कमी दिसते.

मिळकत बदलल्यास : समजा, हीच मिळकत ३२,००० वर आली. टक्केवारीने गरजा १६,००० व्हायला हव्यात, पण भाडे आणि हप्ता त्या महिन्यात हलत नाहीत. गरजा २०,००० च राहून त्यांचा वाटा ६२.५ टक्के होतो. उरलेल्या १२,००० मधून बचतीचे ६,४०० राखले, तर हौसेला ५,६०० उरतात. म्हणजे निम्म्याहून अधिक कात्री हौसेलाच लागते. भाडेकरार संपेपर्यंत ही तडजोड चालते. त्यापुढे घर बदलण्याचाच विचार करावा लागतो. पगार वाढल्यावर उलटा धोका असतो. वाढीच्या भरवशावर मोठा हप्ता घेतला की तो पुढे पगाराबरोबर खाली येत नाही. म्हणून काही महिने गरजांचा आकडा जुनाच ठेवून वाढ बचतीकडे वळवणे बरे. हंगामी मिळकत असल्यास गेल्या बारा महिन्यांतील सर्वांत कमी महिना पाया धरतात.

मर्यादा : मिळकत कमी असेल तितका अन्नावरील खर्चाचा वाटा मोठा असतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवले होते. अशा घरांत गरजा ५० टक्क्यांत बसत नाहीत, आणि त्यात उधळपट्टी शोधणे अन्यायाचे ठरते.