तलावात पाऊण तास, पण त्यातलं पोहणं किती?

माझा मावसभाऊ पणजीत पाट्टोला एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. वय ३८, उंची पाच फूट सहा इंच, मागच्या दिवाळीला वजन भरलं ९२ किलो. सकाळी डिचोलीहून बस, मग साडेनऊ ते सहा खुर्ची, मग परत बस. डॉक्टरांनी शुगर बॉर्डरवर आहे म्हणून सांगितलं आणि त्याने मला विचारलं, दादा, धावू की पोहू? मी शाळेत पीटी शिकवतो, त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडेच येतात. मी तेव्हा जे उत्तर दिलं ते अर्धवट होतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

मी त्याला हिशोब करून दाखवला होता. धावण्याचा हिशोब एकदम सोपा असतो, एक किलो वजनाला एक किलोमीटर धावायला साधारण एक कॅलरी लागते, म्हणजे ९२ किलोचा माणूस एक किलोमीटर धावला की ९२ कॅलरी, तीन किलोमीटर धावला की पावणेतीनशे. वेग थोडा कमी-जास्त झाला तरी हा आकडा फारसा हलत नाही. मध्यम वेगाने सलग पोहलं तर त्याच्या वजनाच्या माणसाला पाऊण तासात चारशेच्या आसपास जातात. झालं, त्याला वाटलं दोन्ही सारखंच आहे, आणि धावायला फी लागत नाही म्हणून तो ऑफिसच्या आधी मिरामारला जायला लागला.

पहिल्याच दिवशी वीस मिनिटं सलग धावला. दम लागला पण जमलं, आणि तिथेच चूक झाली. जॉगिंग करताना दर पावलाला जमिनीकडून वजनाच्या दोन ते तीनपट जोर पायावर येतो, त्याच्या बाबतीत धरा २३० किलो, आणि मिनिटाला १६० पावलं म्हटलं तर वीस मिनिटांत ३२००. हृदय आणि श्वास दोन-तीन आठवड्यांत सुधारायला लागतात, पण हाड आणि स्नायूबंध यांना तेवढं घट्ट व्हायला महिने लागतात. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात माणसाला वाटतं आता मस्त जमतंय, वाढवू या, आणि नेमकी तेव्हाच नडगी दुखायला लागते. त्यात तो धावायचा किनाऱ्यावर, ओल्या घट्ट वाळूत. ती वाळू पायाला बरी वाटते पण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एक पाय सतत खाली आणि एक वर, जसं काही एक पाय आखूड आहे. कोरड्या भुसभुशीत वाळूत तर ताकद दीडपटीहून जास्त लागते. वजनदार माणसाने सुरुवात कांपालच्या सपाट फुटपाथवरच करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

नडगीचं दुखणं कसलं आहे हे ओळखायची एक खूण सांगतो कारण ती खरंच कामाची आहे. आतल्या बाजूने बोटभर-वीतभर लांबीत दुखत असेल आणि धावायला लागल्यावर पाच-दहा मिनिटांत कमी होत असेल तर तो ताण, थोडं थांबलं की जातो. पण एका बोटाने दाबून दाखवता येईल अशा एकाच जागी कळ येत असेल, धावताना वाढत असेल आणि रात्री अंथरुणातही ठणकत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो, तेव्हा धावणं बंद करून डॉक्टरकडेच जायचं. माझ्या भावाचं पहिल्या प्रकारातलं होतं. (धावल्याने गुडघे झिजतात हे मात्र सरसकट खरं नाही, हौशी धावणाऱ्यांत गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण बसून राहणाऱ्यांपेक्षा कमीच आढळलंय. भानगड होते ती ९२ किलो घेऊन एकदम सुरू केल्यावर.)

मग तो तलावावर आला. गळ्याएवढ्या पाण्यात शरीराचा भार साधारण एक दशांश उरतो, म्हणजे ९२ किलोचा माणूस पायावर नऊ-दहा किलोच तोलतो. शिवाय चरबी पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे जाड माणूस बारीक माणसापेक्षा सहज तरंगतो. नडगी महिन्याभरात शांत झाली. पण वजन? दोन महिने आठवड्याला चार दिवस जाऊन काटा अर्ध्या किलोने हलला. घरी मावशी म्हणायला लागली, पोहून कुणाचं वजन उतरतं का कधी!

मावशीच्या म्हणण्याला आधार आहे बरं का. १९८७ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, लठ्ठ स्त्रियांना जेवणाचं कुठलंही पथ्य न देता काहींना चालायला, काहींना सायकलवर, काहींना पोहायला लावलं. चालणाऱ्या आणि सायकलवाल्यांचं वजन दहा-बारा टक्क्यांनी उतरलं, पोहणाऱ्यांचं अजिबात नाही. हा अभ्यास वाचून पुष्कळांनी पोहणं बाद ठरवलं. पण २०१० साली ऑस्ट्रेलियातून उलटा निकाल आला, पन्नाशी-साठीच्या बैठ्या बायकांत वर्षभरात पोहणाऱ्यांचं वजन चालणाऱ्यांपेक्षा साधारण एक किलोने जास्तच उतरलं. दोन्ही अभ्यास नीट केलेले, मग फरक कुठे पडत असेल? याची दोन कारणं मला माझ्या भावातच दिसली.

एका शनिवारी मी तलावाच्या कट्ट्यावर घड्याळ घेऊन बसलो. तो पाण्यात होता पाऊण तास. पंचवीस मीटर हात मारायचा, चाळीस सेकंद, मग दोरीला लटकून तीन मिनिटं धापा, शेजाऱ्याशी गप्पा, परत पंचवीस मीटर. अशा बारा फेऱ्या. बारा गुणिले चाळीस सेकंद, म्हणजे पोहणं झालं आठ मिनिटं! उरलेली सदतीस मिनिटं पाण्यात उभं राहणं. गणित केलं तर पूर्ण पाऊण तासात जेमतेम अडीचशे कॅलरी, त्यातल्या सत्तरेक तर खुर्चीत बसूनही गेल्याच असत्या. चालणाऱ्याचं असं होत नाही, तो पाऊण तास चालला म्हणजे पाऊण तास चालतोच. पोहायला आधी कला लागते, आणि कला येईपर्यंत व्यायाम होतच नाही, हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं.

दुसरं कारण बाहेर होतं, भाजी-पाव. तलावातून निघाला की कडकडून भूक, दोन पाव, पातळभाजी, एक मिरची भजी आणि साखरेचा चहा. अडीचशे कॅलरी तिथेच भरून वर उरल्या. हा निव्वळ जिभेचा दोष नाही. २००५ साली एका प्रयोगात तरुणांना पाण्यात बसून पाऊण तास सायकल मारायला लावली, एकदा ३३ अंशाच्या पाण्यात, एकदा २० अंशाच्या, आणि नंतर हवं तेवढं खायला दिलं, तर गार पाण्यानंतर ते सुमारे ४४ टक्के जास्त जेवले. गोव्यात पाणी काही २० अंशांपर्यंत उतरत नाही, पण डिसेंबरच्या पहाटे सहाच्या बॅचला अर्धा वेळ नुसतं उभं राहिलं तर अंग गारठतंच. सलग पोहणारा आतून तापलेला असतो. उन्हात जॉगिंग करून आलेल्याला तर उलट तासभर खावंसं वाटत नाही, पाणीच पाहिजे असतं.

म्हणून आम्ही कॅलरीचा नाद सोडून दोरी सोडवायच्या मागे लागलो. तिथल्या कोच सरांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, "अरे श्वास धरून का ठेवतोस बाबा, तोंड पाण्यात असताना सोड सगळा." नवशिका तोंड पाण्यात गेलं की श्वास कोंडतो, वर आल्यावर अर्ध्या सेकंदात सोडायचा पण आणि घ्यायचा पण, ते जमत नाही, आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि धाप त्यानेच लागते, ऑक्सिजन संपल्यामुळे नाही. नाकातोंडातून हळूहळू बुडबुडे सोडत राहिलं की मान वळवल्यावर फक्त घ्यायचं काम उरतं. दुसरी गोष्ट पायांची. मांड्यांचे स्नायू शरीरात सगळ्यात मोठे, ते जोरात झाडले की दम संपतो, आणि फ्रीस्टाइलमध्ये पुढे ढकलायचं बहुतेक काम हातच करतात. सर म्हणाले, पाय बुडू नयेत इतपतच हलव. तो आधी बेडकासारखे पाय मारायचा, तेही बंद केलं, त्या लाथेने गुडघ्याच्या आतल्या बाजूचा बंध ताणला जातो आणि जड माणसाला ते दुखणं लवकर चिकटतं.

सहा आठवड्यांत तो न थांबता दोनशे मीटर जायला लागला, मग थोडं थांबून परत दोनशे, असं पस्तीस मिनिटांत आठशे. मेहनत किती होतेय हे धावताना बोलून कळतं, एक वाक्य पूर्ण बोलता आलं आणि गाणं म्हणता आलं नाही की वेग बरोबर. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून कठड्याला पोचल्या पोचल्या मानेवर बोट ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजायची आणि चारने गुणायचं. त्याच्या वयाला जमिनीवर ११० ते १२७ ठीक, पण पाण्यात त्यातून दहा वजा करायचे, कारण पाण्याचा दाब पायातलं रक्त छातीकडे ढकलतो, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त टाकतं आणि कमी ठोक्यात काम भागतं. हे माहीत नसलं तर माणूस जमिनीवरचा आकडा गाठायला उगाच मरमर करतो.

एक गोष्ट मात्र पाणी देत नाही, हाडांना हवा तो दणका. भार हलका होतो म्हणून सांधे सुखावतात, पण हाड घट्ट राहतं ते भार पडूनच, त्यामुळे नुसतं पोहून भागत नाही. तो आता तीन दिवस पोहतो आणि दोन दिवस कांपालच्या फुटपाथवर एक मिनिट जॉगिंग, दोन मिनिटं चालणं, असं अर्धा तास करतो, मध्ये एक दिवस सोडून. वजन उतरेल तसं धावणंही स्वस्त पडतं, एक किलो कमी झाला की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने घटतो.

मेअखेर त्याचं वजन ८६.५ होतं. भाजी-पाव त्याने सोडलेला नाही, एका पावावर आणलाय, आणि तलावातून निघताना घरची उकडलेली दोन अंडी खातो. जूनला पाऊस लागला की किनाऱ्यावर लाल बावटे लागतात, फुटपाथवर शेवाळ धरतं, तेव्हा धावण्याचे दोन दिवस तो ऑफिसच्या जिन्यावर काढणार आहे. चार मजले, चढायचं पायांनी आणि उतरायचं लिफ्टने, कारण गुडघ्याला उतरणंच जास्त जड जातं.